शंकांची स्लाइड: दोन रकाने, पाच जोड्या

प्रॉडक्ट डेकमध्ये शेवटाकडे एक स्लाइड असते. तिच्यावर ‘नेहमीचे प्रश्न’ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत आठ-दहा प्रश्नोत्तरं कोंबलेली असतात. ती कुणी वाचत नाही. सादर करणारा ‘हे तुम्ही सवडीने पाहा’ म्हणत पुढे जातो आणि समोरच्याच्या मनातली शंका तशीच राहते. ही स्लाइड पहिल्यांदाच बनवणाऱ्यासाठी हा लेख आहे. शंका कुठून आणायच्या, एका ओळीत प्रश्न आणि एका ओळीत उत्तर कसं बसवायचं, आणि ते सगळं स्लाइडवर नेमकं किती सेंटिमीटरमध्ये मांडायचं, ते एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण असं: गोदामातल्या मालाचा हिशोब ठेवणारं एक अॅप. माल आत आला किंवा बाहेर गेला की तिथला माणूस फोनच्या कॅमेऱ्याने बारकोड स्कॅन करतो आणि शिल्लक आपोआप बदलते. डेक गोदामाच्या मालकाला किंवा व्यवस्थापकाला दाखवायचा आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून टाका. ही स्लाइड वरून खालपर्यंत वाचण्यासाठी नसते, शोधण्यासाठी असते. समोरच्याला पाचही उत्तरं नको असतात, त्याला त्याची एक शंका सापडायला हवी असते. शिवाय डेक बऱ्याचदा पीडीएफ होऊन अशा माणसाकडे जातो जो बैठकीत नव्हताच, आणि निर्णय पुष्कळदा तोच घेतो. त्याच्याशेजारी समजावून सांगायला तुम्ही नसता. पुढचा प्रत्येक निर्णय या दोन कारणांवरून घ्यायचा आहे.

शंका गोळा करणं

प्रश्न टेबलाशी बसून सुचवू नका. आपण सुचवलेले प्रश्न आपल्याला सोयीचे असतात: ‘हे इतक्या वेगाने कसं चालतं?’ असं कोणताही ग्राहक विचारत नाही. विक्रीच्या बैठकांची टिपणं, डेमोनंतर आलेले मेल, मदतीसाठी आलेले फोन या तीन ठिकाणी खऱ्या शंका असतात. विक्री करणाऱ्या सहकाऱ्याला ‘लोक काय विचारतात’ असं विचारलंत तर तो साफसूफ करून सांगेल. त्याऐवजी ‘मागच्या बैठकीत समोरचा नेमकं काय म्हणाला’ असं विचारा आणि वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या.

आपल्या उदाहरणात अशी वाक्यं हाती येतात:

- आमचं एक्सेलमध्ये व्यवस्थित चाललंय.
- गोदामात मागच्या बाजूला रेंजच नसते हो.
- आमच्या लोकांना जमायचं नाही हे.
- चार हजार वस्तूंची यादी परत भरत बसू का?
- उद्या तुम्ही बंद पडलात तर आमचा हिशोब गेला.
- महाग वाटतंय.
- डेटा कुठल्या सर्व्हरवर राहतो, कोण बघू शकतं?
- विचार करून सांगतो.

आता यांची वाटणी. शेवटचं वाक्य शंका नाहीच. त्याच्यामागे वरच्यांपैकीच एखादी शंका लपलेली असते, त्यामुळे ते यादीतून काढा. ‘महाग वाटतंय’ हेही मी या स्लाइडवर ठेवत नाही. किमतीचं उत्तर किमतीच्या स्लाइडवर, आकड्यांशेजारी द्यावं. इथे ‘महाग नाही का?’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं तर ज्याच्या मनात ते नव्हतं त्याच्याही मनात येतं. सर्व्हरचा प्रश्न खरा आहे, पण तो विचारणारा माणूस वेगळा असतो. त्याला एका ओळीने समाधान होत नाही, त्याला साठवण, परवानग्या, बॅकअप असं पानभर हवं असतं. तो डेकच्या शेवटी पुरवणीत द्या.

उरल्या पाच. पाच हा आकडा शुभ म्हणून घेतलेला नाही, त्याचं कारण पुढे मोजमापात येईल.

जोडी लिहिणं

सर्वात जास्त वेळ इथे द्या. मांडणी कितीही नेटकी केली तरी उत्तर गुळमुळीत असेल तर ती स्लाइड वाया गेली.

प्रश्न ग्राहकाच्या तोंडचा हवा. ‘ऑफलाइन कार्यक्षमतेबाबत काय तरतूद आहे?’ हे कंपनीचं वाक्य झालं. गोदामातला माणूस ‘नेट नसेल तर?’ म्हणतो. त्याला त्याची शंका त्याच्याच शब्दांत दिसली तर तो तिथे थांबतो. प्रश्न मऊही करू नका. ‘आमच्या लोकांना जमेल का?’ या शंकेला ‘प्रशिक्षण मिळतं का?’ असं रूप दिलं तर उत्तर सोपं होतं, पण शंका तशीच राहते. प्रशिक्षण मिळूनही जमत नाही, हीच तर त्याची भीती असते.

उत्तराचा पहिला शब्द किंवा पहिलं छोटं वाक्य म्हणजेच उत्तर. होय, नाही, एखादा आकडा किंवा काय घडतं ते. त्यानंतर एकच आधार: कसं, किती, कुठवर. ‘आमच्या प्रगत यंत्रणेमुळे’ अशी सुरुवात झाली की वाचणाऱ्याला उत्तरापर्यंत पोचायला निम्मी ओळ ओलांडावी लागते. विशेषणं काढून पाहा. ‘सुलभ’, ‘अखंड’, ‘संपूर्ण सुरक्षित’ काढल्यावर वाक्यात काही उरत नसेल, तर त्यात उत्तर नव्हतंच.

नेटच्या शंकेवर काम करून पाहू. पहिला मसुदा बहुधा असा येतो:

*प्रश्न:* इंटरनेट नसताना अॅप चालतं का?
*उत्तर:* होय! आमचं अॅप ऑफलाइन मोडलाही पूर्ण सपोर्ट देतं, त्यामुळे तुमचं काम कधीच थांबत नाही.

वाचायला बरं वाटतं, पण दोन दोष आहेत. एक, ‘ऑफलाइन मोड’ म्हणजे नेमकं काय होतं ते कळत नाही. दोन, ‘कधीच थांबत नाही’ हे खरं नाही. नेट नसताना स्कॅन होतं, पण ती नोंद दुसऱ्या फोनवर दिसत नाही. दोन माणसं दोन टोकांना एकाच वस्तूवर काम करत असतील तर काही वेळ दोघांना वेगळी शिल्लक दिसेल. हे ग्राहकाला वापरताना पहिल्याच आठवड्यात कळणार आहे. मग आधी सांगितलेलं बरं. दुसरा मसुदा:

*प्रश्न:* गोदामात नेट नसेल तर?
*उत्तर:* स्कॅन चालू राहतं. नोंदी फोनमध्ये साठतात आणि नेट आल्यावर इतरांना दिसतात.

अकरा शब्दांत काय होतं आणि मर्यादा काय, दोन्ही आलं. ‘नेट आल्यावर इतरांना दिसतात’ या चार शब्दांत मर्यादा सांगून झाली. तिच्यासाठी वेगळं ‘परंतु’ लागलं नाही.

जुन्या यादीच्या शंकेचं उत्तर थोडं अवघड आहे, कारण ते अर्धं ‘नाही’ आणि अर्धं ‘होय’ आहे. एक्सेलमधली यादी कंपनी चढवून देते, पण ज्या वस्तूंवर बारकोड छापलेला नसतो त्यांना लेबलं चिकटवावी लागतात, आणि ते काम ग्राहकाच्या माणसांनाच करावं लागतं. हा भाग गाळायचा मोह होतो. गाळू नका. पूर्ण ‘होय’ असलेल्या पाच उत्तरांवर कुणी विश्वास ठेवत नाही. पाचांत एक जरी सरळ ‘हे तुम्हाला करावं लागेल’ असं असलं की बाकीची चार खरी वाटतात.

पाचही जोड्या अशा तयार होतात:

*एक्सेल आहे, मग हे कशाला?*
एक्सेल संध्याकाळी भरलं जातं. इथे माल हलताक्षणी शिल्लक बदलते.

*गोदामात नेट नसेल तर?*
स्कॅन चालू राहतं. नोंदी फोनमध्ये साठतात आणि नेट आल्यावर इतरांना दिसतात.

*आमच्या लोकांना जमेल का?*
रोजच्या कामाला दोनच बटणं: ‘आला’ आणि ‘गेला’. पहिल्या दिवशी आमचा माणूस गोदामात थांबतो.

*सगळी यादी पुन्हा भरायची का?*
नाही, तुमची एक्सेल फाइल आम्ही चढवतो. बारकोड नसलेल्या वस्तूंना लेबलं तुम्ही लावायची.

*आम्ही सोडलं किंवा तुम्ही बंद पडलात तर?*
सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये कधीही उतरवता येतात. आम्हाला विचारावं लागत नाही.

तिसऱ्या जोडीत ‘सोपं आहे’ हा शब्द कुठेच नाही. दोन बटणांची नावं सांगितली की सोपेपणा वाचणाऱ्याला स्वतःच दिसतो. पाचव्या जोडीत प्रश्न मुद्दाम कडवट ठेवला आहे. ‘तुम्ही बंद पडलात तर’ हे शब्द स्वतःच्या स्लाइडवर लिहायला हात धजावत नाही, पण छोट्या कंपनीकडून सॉफ्टवेअर घेणाऱ्याच्या मनात हेच असतं. उत्तरही फक्त खरं असेल तरच लिहा. ग्राहकाला सगळ्या नोंदी स्वतःहून उतरवता येत नसतील तर आधी अॅपमध्ये ती सोय करून घ्या, मग ही ओळ लिहा.

क्रमाचा विचार थोडक्यात. सर्वात जास्त वेळा विचारलेली शंका पहिली, असा नियम नको. जिच्यामुळे माणूस ऐकणंच थांबवतो ती पहिली. एक्सेलवर समाधानी असलेल्याला नेट आणि लेबलं यांत रस नसतो. त्यानंतर वापराच्या शंका, मग सुरुवात करण्याच्या, आणि सोडण्याची शंका शेवटी. हा क्रम माणूस ज्या ओघात विचार करतो त्याला धरून आहे.

मोजमाप

आता स्लाइड. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड ३३.८७ सेंमी रुंद आणि १९.०५ सेंमी उंच असते. तुमच्याकडे मापं इंचांत दिसत असतील तरी चालेल, आकड्यापुढे `cm` टाइप केलं की प्रोग्राम ते स्वतः बदलून घेतो.

डावी-उजवीकडे सुमारे २ सेंमी मोकळे सोडले की २९.८ सेंमी रुंदी उरते. वर शीर्षक आणि खाली मोकळी जागा धरून मजकुरासाठी १३ सेंमी उंची मिळते: वरून ४.२ सेंमीपासून १७.२ सेंमीपर्यंत. या चौकोनात डावीकडे प्रश्न आणि उजवीकडे उत्तर. प्रश्नाचा रकाना १०.५ सेंमी, उत्तराचा १९.३. साधारण एकास दोन हे प्रमाण, कारण उत्तर प्रश्नाच्या जवळपास दुप्पट लांब असतं.

अक्षर २० पॉइंट. ओळींमधलं अंतर नेमकं २६ पॉइंट. ‘नेमकं’ म्हणण्यामागे कारण आहे. देवनागरी फॉन्टमध्ये वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरं मावावीत म्हणून अंगचंच अंतर जास्त धरलेलं असतं, आणि ते फॉन्टगणिक बरंच बदलतं. ओळींचं अंतर ‘१’ ठेवलं तरी एका फॉन्टमध्ये ओळी दाट दिसतात, तर दुसऱ्यात विरळ. `Line Spacing Options` मध्ये `Exactly` निवडून २६ लिहिलं की फॉन्ट कोणताही असो, गणित तेच राहतं. २० पॉइंटला २४ च्या खाली गेलात तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकू लागतात.

या मापात २६ पॉइंट म्हणजे ०.९२ सेंमी, म्हणून दोन ओळींना १.८३ सेंमी लागतात. १३ सेंमीत पाच जोड्या म्हणजे प्रत्येकीला २.६ सेंमी. दोन ओळींची जागा वजा केली की दोन जोड्यांमध्ये ०.७७ सेंमी मोकळे राहतात, म्हणजे एका ओळीपेक्षा थोडं कमी. डोळ्याला जोडी वेगळी दिसायला एवढं पुरतं. आता सहावी जोडी घालून पाहा: प्रत्येकीला २.१७ सेंमी आणि मध्ये उरतात फक्त ०.३४. सगळ्या ओळी सारख्याच अंतरावर दिसू लागतात आणि कोणतं उत्तर कोणत्या प्रश्नाचं हे कळायला प्रत्येक वेळी डावीकडे नजर न्यावी लागते. म्हणून पाच. सहावी शंका खरोखर महत्त्वाची असेल तर दोन स्लाइड करा, तीन-तीन जोड्यांच्या. अक्षर १६ वर नेऊन सहा बसवू नका.

याच मापातून शब्दांची मर्यादाही निघते. २० पॉइंटच्या मराठी मजकुरात एका शब्दाला मोकळ्या जागेसह साधारण २ सेंमी लागतात. म्हणजे प्रश्नाच्या रकान्यात एका ओळीत चार-पाच शब्द आणि उत्तराच्या रकान्यात आठ-नऊ. दोन ओळींच्या आत राहायचं तर प्रश्न आठ शब्दांपर्यंत आणि उत्तर पंधरा-सोळांपर्यंत. वरच्या पाचही जोड्या यात बसतात. लिहितानाच ही मर्यादा ठाऊक असेल तर नंतर स्लाइडवर काटछाट करावी लागत नाही.

गूगल स्लाइड्स वापरत असाल तर एक फरक लक्षात ठेवा. तिथली नेहमीची स्लाइड २५.४ × १४.२९ सेंमी, म्हणजे लांबी-रुंदीत पाऊणपट असते. त्यामुळे वरची सगळी मापं पाऊणपट करा, अक्षर २० ऐवजी १५ पॉइंट. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. ‘१५ फार लहान आहे’ असं आकडा पाहून वाटेल, पण ते स्लाइडच्या आकाराच्या तुलनेत पाहायचं असतं. तिथे ओळींचं अंतर पॉइंटमध्ये देता येत नाही, पटीत द्यावं लागतं. `Custom spacing` मध्ये आकडा कमी-जास्त करत दोन ओळी सुमारे १.४ सेंमीत बसवा.

तक्ता वापरा, सुटे चौकोन नकोत

नवखा माणूस इथे दहा सुटे मजकूर-चौकोन काढतो, पाच प्रश्नांचे आणि पाच उत्तरांचे, आणि ते हाताने ओळीत लावतो. पहिल्या दिवशी स्लाइड छान दिसते. मग कुणीतरी तिसऱ्या उत्तरात दोन शब्द वाढवतो, ते तीन ओळींचं होतं आणि चौथ्या उत्तरावर चढतं. किंवा चौकोनाला मजकूर आपोआप लहान करण्याची सोय चालू असते, आणि एक उत्तर गुपचूप १७ पॉइंटचं होऊन बसतं. ते लक्षात येत नाही, फक्त स्लाइड कुठेतरी खटकत राहते.

तक्त्यात हे दोन्ही होत नाही. ओळ वाढली तर प्रश्न आणि उत्तर दोन्ही एकत्र खाली सरकतात, आणि तक्त्यातला मजकूर पॉवरपॉइंट आपोआप लहान करत नाही. आणखी एक फायदा दिसत नाही पण असतो: स्क्रीन रीडर तक्ता आडवा वाचतो, आधी प्रश्न, मग त्याचं उत्तर, मग पुढची जोडी. सुटे चौकोन मात्र ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने वाचले जातात. तुम्ही आधी पाचही प्रश्न आणि मग पाचही उत्तरं काढली असतील तर ऐकणाऱ्याला तसंच ऐकू येतं.

करायचं असं:

1. `Insert > Table` मधून २ रकाने आणि ५ ओळींचा तक्ता घ्या.
2. `Table Design` मध्ये `Header Row` आणि `Banded Rows` वरच्या खुणा काढा आणि शैलींमधून `No Style, No Grid` निवडा. निळे पट्टे जातील.
3. तक्त्याच्या `Layout` मध्ये प्रत्येक ओळीची उंची २.६ सेंमी आणि रकान्यांची रुंदी १०.५ व १९.३ सेंमी द्या.
4. मजकूर `Align Top` करा. मधोमध ठेवलात तर एका ओळीचा प्रश्न दोन ओळींच्या उत्तराच्या मध्यावर तरंगतो. वर लावला की प्रश्न आणि उत्तर एकाच रेषेवर सुरू होतात. त्यासाठी दोन्हींचं अक्षर एकाच मापाचं हवं, म्हणून प्रश्न मोठा आणि उत्तर लहान असा भेद करू नका.
5. `Cell Margins > Custom Margins` मध्ये वरची जागा ०.३ सेंमी, डावीकडची शून्य आणि उजवीकडची ०.५ करा. डावीकडची शून्य केल्याने प्रश्न शीर्षकाच्या नेमका खाली सुरू होतो, मात्र शीर्षकाच्या चौकोनाची आतली डावी जागाही शून्य करायला विसरू नका.
6. फक्त आतल्या आडव्या रेघा द्या, फिक्या करड्या आणि पाऊण पॉइंटच्या. उभी रेघ नको, दोन रकाने मोकळ्या जागेनेच वेगळे दिसतात.

मजकूर भरून झाल्यावर तक्ता निवडून `Layout` मध्ये त्याची एकूण उंची पाहा. ती १३ सेंमीच असेल तर सगळं ठीक. १३.६ झाली असेल तर कुठलीतरी एक जोडी तिसऱ्या ओळीत गेली आहे. अशा वेळी तक्ता ओढून लहान करण्याचा काही उपयोग नाही, ओळ तिच्यातल्या मजकुराच्या उंचीपेक्षा लहान होत नाही. शब्द कमी करा.

वजन आणि रंग

दोन रकान्यांपैकी एकच जड असावा. माझ्या मते तो उत्तराचा नसून प्रश्नाचा असावा, आणि याबद्दल मतभेद होऊ शकतो. उत्तर महत्त्वाचं म्हणून ते ठळक करावं असं पुष्कळांना वाटतं. पण वाचणारा आधी शोधतो, मग वाचतो. पाच छोटे ठळक प्रश्न डावीकडून खाली उतरताना झटकन चाळता येतात, तर पाच ठळक उत्तरं म्हणजे दहा ठळक ओळी, आणि मग कशावरच नजर ठरत नाही. म्हणून प्रश्न ठळक, उत्तर साधं. तिरप्या अक्षरांच्या वाटेला जाऊ नका. बहुतेक देवनागरी फॉन्टना खरं तिरपं वळण नसतं, प्रोग्राम सरळ अक्षरच वाकवतो.

उत्तर करडं करायचं असेल तर किती करडं, याचं माप आहे. वेबसाठीच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी फरक किमान ४.५ : १ हवा. पांढऱ्यावर `#767676` ही त्याची कड आहे. `#999999` मध्ये हा फरक ३ पेक्षाही खाली जातो, आणि उजेड असलेल्या खोलीत प्रोजेक्टरवर तर तो मजकूर जवळजवळ पुसला जातो. मी `#595959` च्या पलीकडे फिकं करत नाही, त्यात फरक ७ : १ राहतो.

चिन्हं, प्रश्नचिन्हांची चित्रं, प्रत्येक जोडीला वेगळा रंग, यांतलं काहीच लागत नाही. रंग वेगळे दिले की वाचणारा त्यांचा अर्थ शोधू लागतो.

शीर्षकाची ओळ ‘नेहमीचे प्रश्न’ अशी ठेवलीत तर जागा फुकट जाते. ‘सुरू करण्याआधी गोदामवाले विचारतात ते पाच प्रश्न’ असं लिहा. कोणासाठी आणि कधीचे प्रश्न, ते कळतं. शीर्षक मांडणीतल्या शीर्षकाच्याच जागेत टाइप करा, सुटा चौकोन काढून नाही. तरच ते `Outline View` मध्ये दिसतं.

डेकमध्ये जागा आणि बोलणं

ही स्लाइड किमतीनंतर आणि ‘पुढे काय करायचं’ या स्लाइडच्या आधी ठेवा. किंमत ऐकल्यावरच खऱ्या शंका वर येतात. फार लवकर दाखवलीत तर उत्पादन काय करतं हे कळायच्या आधीच त्याच्या उणिवांवर चर्चा सुरू होते.

स्लाइड आली की वाचून दाखवू नका. काही सेकंद गप्प राहा आणि विचारा, ‘यातला तुमचा प्रश्न कोणता?’ समोरचा एकावर बोट ठेवतो. त्या एकावर पाच मिनिटं बोला, बाकीचे चार सोडून द्या. जोड्या एकेक करून उगवणारी हालचाल लावू नका. तिच्यामुळे समोरच्याला त्याच्या शंकेची वाट पाहावी लागते. पॉवरपॉइंट तक्त्याच्या ओळींना वेगवेगळी हालचाल देतही नाही, आणि तेवढ्यासाठी पुन्हा सुट्या चौकोनांकडे वळणं महागात पडतं.

उत्तरामागचा तपशील स्लाइडखालच्या टिपणात लिहून ठेवा: नेट नसताना फोनमध्ये किती नोंदी मावतात, लेबलं कोण छापून देतं, एका माणसाला दिवसाला किती वस्तूंना लेबल लावता येतं. तुमच्या जागी उद्या दुसरा सहकारी गेला तर त्याला याचाच आधार असतो.

पाठवण्याआधी तीन तपासण्या

पहिली, डावा रकाना झाकून फक्त उत्तरं वाचा. एखादं उत्तर कोणत्याही प्रश्नाखाली खपण्यासारखं असेल तर ते उत्तर नाही. ‘आमचा संघ सदैव तुमच्या सोबत आहे’ हे त्याचं ठरलेलं उदाहरण. मग उजवा रकाना झाकून फक्त प्रश्न अशा माणसाला दाखवा ज्याने डेक पाहिलेला नाही. ‘असं कोण विचारतं?’ असं तो एखाद्यावर म्हणाला तर तो प्रश्न तुमचा आहे, ग्राहकाचा नाही.

दुसरी, फॉन्ट. तुमच्या संगणकावरचा फॉन्ट समोरच्याकडे नसेल तर दुसरा येतो, शब्दांची रुंदी बदलते आणि दोन ओळींच्या तीन होतात. विंडोजवर `Nirmala UI` आणि मॅकवर `Kohinoor Devanagari` असतात, पण एकाचं दुसरीकडे असेलच असं नाही. त्यामुळे बाहेर पाठवताना पीडीएफच पाठवा. मूळ फाइल द्यायचीच असेल तर विंडोजवर `File > Options > Save` मध्ये `Embed fonts in the file` वर खूण करा आणि दुसऱ्या संगणकावर ती उघडून तक्त्याची उंची पुन्हा पाहा. ती १३ च आली पाहिजे.

तिसरी, फोन. पीडीएफ फोनवर उघडा. उभ्या फोनचा पडदा साधारण ७ सेंमी रुंद असतो, म्हणजे स्लाइड जवळपास पाचपट आकसते आणि २० पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं होतं. ते कुणालाच वाचता येणार नाही, त्यावर उपाय नाही. पण फोन आडवा केला की रुंदी १५ सेंमीच्या आसपास जाते आणि अक्षर ९ पॉइंटच्या जवळ येतं, छापील पुस्तकापेक्षा किंचित लहान. हे वाचता यायला हवं. येत नसेल तर अक्षर कुठेतरी २० च्या खाली गेलं आहे किंवा करडा रंग फार फिका आहे.

त्यानंतर ही स्लाइड बदलत राहते. प्रत्येक बैठकीनंतर कोणत्या प्रश्नावर बोट ठेवलं गेलं ते टिपणात लिहा. ज्या जोडीकडे बैठकांमागून बैठका कुणीच वळत नाही ती काढा आणि बाहेर ठेवलेल्यांपैकी जी शंका पुन्हा पुन्हा तोंडी येते तिला तिथे बसवा. उत्पादन बदललं की उत्तरंही जुनी होतात. गोदामाच्या अॅपने उद्या बारकोडशिवाय, वस्तूच्या फोटोवरून ओळखायला सुरुवात केली तर चौथ्या जोडीतली लेबलांची ओळ त्याच दिवशी काढावी लागेल.